हॉटेल बुकिंगच्या फोटोचं अरबी भाषांतर: नंबर, वेळा आणि कॅन्सलेशनचे नियम जसेच्या तसे ठेवण्याची पद्धत

वाशी, नेरूळ, बेलापूर या पट्ट्यातल्या मोठ्या रुग्णालयांत ओमान, येमेन, इराककडून रुग्ण येतात. सोबत मुलगा, भाऊ किंवा वडील असतात. त्यांच्या राहण्याची सोय इथलं कुणीतरी जवळच्या हॉटेलात करून देतं आणि बुकिंगचा कागद निघतो इंग्रजीत. पैसे देणारा, निर्णय घेणारा घरातला वडीलधारा माणूस मात्र बहुतेक वेळा फक्त अरबी वाचतो. मग त्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो आपल्यासारख्यांकडे येतो. आपण म्हणजे आखातात नोकरी करून परतलेले किंवा इथेच अरबी शिकलेले, ज्यांनी हे काम नुकतंच हाती घेतलं आहे.

मी मस्कतला नऊ वर्षं होते. अरबी बरी येते, म्हणून हे काम सोपं वाटलं होतं. पहिल्याच महिन्यात रात्री अकरा वाजता एका ओमानी मुलाचा फोन आला. तो वडिलांना घेऊन हॉटेलच्या काउंटरवर उभा होता. मी दिलेला अरबी कागद पाहून काउंटरवरच्या मुलाने बुकिंग नंबर टाकला होता आणि "असं बुकिंगच नाही" म्हणून सांगितलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं असलेले वडील अर्धा तास लॉबीतल्या खुर्चीत बसून राहिले. नंबरातला एकही आकडा मी चुकवला नव्हता. मूळ नंबर 40712-88 होता, मी तोच टाइप केला होता, पण कागदावर तो 88-40712 असा उमटला होता. असं का होतं ते पुढे चौथ्या पायरीत येईल. आता तोच कागद उदाहरणाला घेऊन सगळी पद्धत सांगते.

कागदावर होतं ते असं: एक खोली, दोन स्वतंत्र पलंग, दोन माणसं. चेक-इन 05/03/2025, दुपारी दोननंतर. चेक-आउट 08/03/2025, सकाळी अकरापर्यंत. तीन रात्री, रात्रीचे २,५०० रुपये, वर १२ टक्के जीएसटी, एकूण ८,४००. नाश्ता धरून. पैसे हॉटेलात द्यायचे. पोर्टलचा बुकिंग आयडी 40712-88 आणि हॉटेलचा कन्फर्मेशन नंबर 7058-B. खाली बारीक अक्षरात कॅन्सलेशनचे नियम.

## १. आधी काय काय हाताशी हवं

- कागदाचा पूर्ण फोटो, चारही कडा दिसतील असा. मागच्या बाजूला काही छापलं असेल तर तिचाही.
- शक्य असेल तर मूळ ईमेल किंवा पीडीएफ. फोटो पाठवणाऱ्याकडे ती असतेच असं नाही, पण बुकिंग करणाऱ्याकडे असते. मागितली तर मिळते.
- ज्याच्या नावाने बुकिंग आहे त्याच्या पासपोर्टचं नावाचं पान.
- हॉटेलच्या रिसेप्शनचा नंबर. शंका विचारायला हा लागतोच.
- अरबी कीबोर्ड बसवलेला संगणक. मोबाइलवरही काम होतं, पण नंबराची दिशा सांभाळायला संगणक बरा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की दाबला जातो आणि बारीक अक्षरं फुटतात. तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, तसा तो मूळ आकारात येतो.

## २. फोटो वाचून इंग्रजीत उतरवा

थेट अरबीत शिरू नका. फोटोतला सगळा मजकूर आधी इंग्रजीत, ओळीला ओळ, टाइप करून घ्या. याला दहा मिनिटं लागतात. पण फोटो वाचण्यातली चूक आणि भाषांतरातली चूक अशा दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या राहतात, आणि नंतर चूक सापडली तर ती कुठे झाली ते कळतं.

यात सगळ्यात घातक अक्षरं म्हणजे एकमेकांसारखी दिसणारी: 8 आणि B, 0 आणि O, 1 आणि I, 5 आणि S. आमच्या कागदावरच्या 7058-B मधलं शेवटचं अक्षर घडीवर आलं होतं. ते B आहे की 8, हे नुसतं बघून सांगता येईना. अशा वेळी अंदाज करू नका. त्याच फोटोत, त्याच टाइपात छापलेलं नक्की ओळखू येणारं अक्षर शोधा. तारखेतला 8 घ्या, "बुकिंग"चा B घ्या आणि दोन्ही मोठे करून शंकेच्या अक्षराशेजारी ठेवा. B ची डावी बाजू सरळ उभी असते, 8 ची दोन्हीकडे गोल. तरीही खात्री होत नसेल तर रिसेप्शनला फोन करून पाहुण्याचं नाव आणि तारीख सांगा आणि नंबर त्यांच्याकडून वाचून घ्या. एका फोनचं काम आहे.

आकडे उतरवले की ते आपसात जुळतात का बघा. २,५०० गुणिले तीन म्हणजे ७,५००, त्यावर १२ टक्के म्हणजे ९००, एकूण ८,४००. जुळलं. तारखांमधल्या रात्री मोजा, पाच ते आठ म्हणजे तीन. जुळलं. कुठे जुळलं नाही तर बहुतेक वेळा एखादा आकडा आपण चुकीचा वाचलेला असतो. क्वचित हॉटेलचंच चुकलेलं असतं. तसं असेल तर दुरुस्त करायचं नाही. छापलंय तसंच ठेवायचं आणि पाठवणाऱ्याला वेगळं कळवायचं.

कच्चं लिखाण कागदावर करत असाल तर आपल्या देवनागरी आकड्यांनी करू नका. घाईत काढलेला मराठी एक नंतर वाचताना इंग्रजी नऊ वाटतो. मी ही सवय मुद्दाम मोडली.

## ३. तारीख आणि वेळ: आकड्यांवर सोडू नका

05/03/2025 ही पाच मार्च की तीन मे? आपल्याकडे दिवस आधी लिहितात, पण काही परदेशी पोर्टल महिना आधी छापतात. आमच्या कागदावर रात्रींची संख्या होती म्हणून सुटलं. महिना आधी धरला तर तीन मे ते तीन ऑगस्ट होतं, म्हणजे ब्याण्णव रात्री. तेव्हा पाच मार्चच. अरबीत लिहिताना महिना अक्षरात लिहा आणि वारही लिहा:

```
الأربعاء 5 مارس 2025
```

बुधवार, ५ मार्च २०२५. वार लिहिल्याने पुढच्या वाचणाऱ्यालाही पडताळा मिळतो.

महिन्याचं नाव माणूस कुठला यावर ठरतं. ओमान, येमेन, आखात, इजिप्त इकडे मार्चला "मारिस" म्हणतात. इराक, सीरिया, जॉर्डन, लेबनॉनकडे मार्च म्हणजे "आझार" आणि फेब्रुवारी म्हणजे "शुबात". इराकी आजोबांना "मारिस" कळतही असेल, पण त्यांच्या रोजच्या बोलण्यातला तो शब्द नाही. इराकी कुटुंबासाठी मी दोन्ही नावं लिहिते, मध्ये तिरकी रेघ देऊन.

वेळेत सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे बारा वाजले. चेक-आउट बारा असेल तर अरबीत "झुहरन", म्हणजे दुपारी, असं स्पष्ट लिहा. नुसतं १२ आणि पुढे "म" हे अक्षर लावलं तर ते "मसाअन", म्हणजे संध्याकाळ-रात्र, असं वाचलं जातं आणि माणूस मध्यरात्र समजू शकतो.

आपल्याकडच्या हॉटेलांत "२४ तास चेक-इन" असं छापलेलं असतं. त्याचे दोन अर्थ होतात. एक, रिसेप्शन दिवसरात्र उघडं, कधीही या, पण खोलीचा दिवस ठरलेल्या वेळीच संपणार. दोन, ज्या वेळी याल तिथून चोवीस तास मोजणार. रात्री नऊला उतरलेल्या माणसासाठी यात दुसऱ्या दिवशीची अख्खी दुपार जाते किंवा मिळते. कागदावरून अर्थ ठरत नसेल तर हॉटेलला विचारा. विचारल्याशिवाय एक अर्थ निवडून लिहू नका.

चेक-इनला अरबीत "तस्जील अल-वुसूल" म्हणा आणि चेक-आउटला "तस्जील अल-मुगादरा". काही जण "तस्जील अद-दुखूल" लिहितात. पण तोच शब्द मोबाइलवर लॉग-इनसाठी वापरतात, म्हणून मी टाळते.

## ४. बुकिंग नंबर: इथेच माझं चुकलं

अरबी उजवीकडून डावीकडे जाते, पण त्यातले आकडे डावीकडून उजवीकडेच वाचले जातात. कुठला तुकडा कोणत्या दिशेने दाखवायचा हे संगणक नियमांनी ठरवतो. अरबी अक्षरांमागून आकडे आले आणि त्यांच्यामध्ये आडवी रेघ असली, तर संगणक रेघेच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र संख्या समजतो आणि अरबी ओळीच्या क्रमाने मांडतो, पहिली उजवीकडे, दुसरी तिच्या डावीकडे. म्हणून "रक्म अल-हज्झ" या शब्दांपुढे टाइप केलेला 40712-88 डोळ्यांना 88-40712 दिसतो. तारखेतली तिरकी रेघ आणि वेळेतला विसर्ग यांना वेगळा नियम लागू होतो, ते उलटत नाहीत. तारीख नीट दिसली म्हणून नंबरही नीट असेल असं धरून आपण निर्धास्त होतो, ते यामुळेच.

आकड्यांनी सुरू होऊन पुढे इंग्रजी अक्षर असलेला नंबर, जसा आमचा 7058-B, तोही असाच B-7058 दिसतो. अक्षराने सुरू होणारा नंबर मात्र बहुतेक वेळा सरळ राहतो. फोन नंबरच्या आधीचं अधिकचं चिन्ह उडून मागे जातं, तेही याच कारणाने.

आता सगळ्यात वाईट सापळा. नंबर उलटा दिसतोय म्हणून आपण तो "सरळ" करायला उलटा टाइप करतो. पडद्यावर सरळ दिसायला लागतो, पण फाइलमध्ये आता खरोखरच चुकीचा क्रम साठलेला असतो. पाहुण्याने तो कॉपी करून हॉटेलच्या शोधात टाकला की चुकीचा नंबर जातो. नंबर कधीही उलटा टाइप करू नका. टाइप मुळाप्रमाणेच करायचा, दुरुस्त करायची ती फक्त दिशा.

त्याचे दोन उपाय मी वापरते.

पहिला आणि सगळ्यात भरवशाचा: नंबरला स्वतःची ओळ द्या. वर अरबी नाव, खाली नुसता नंबर.

```
رقم الحجز:
40712-88
```

वर्डमध्ये त्या नंबराच्या ओळीवर कर्सर ठेवून परिच्छेदाची दिशा डावीकडून उजवीकडे करा. अरबी कीबोर्ड बसवलेला असेल तर डाव्या बाजूचं Shift आणि Ctrl दाबून ती बदलते. 7058-B सारख्या नंबराला हे लागतंच. नुसती वेगळी ओळ केली आणि तिची दिशा अरबीच राहिली तर तो तरीही उलटेल.

दुसरा: नंबर त्याच ओळीत हवा असेल, समजा तक्त्याच्या एका चौकटीत, तर नंबराच्या आधी दिशा सांगणारं न दिसणारं चिन्ह टाका. वर्डमध्ये नंबर टाइप करायच्या आधी हे लिहा:

```
200E
```

आणि लगेच Alt+X दाबा. चार अक्षरं नाहीशी होतात, तिथे चिन्ह बसतं. मग पुढे नंबर टाइप करा. आधी नंबर आणि मग चिन्ह असं केलं तर काही होत नाही, ते नंबराच्या आधीच हवं.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना मी दोन्ही नंबर वेगवेगळ्या संदेशांत, सोबत एकही अरबी शब्द न घेता पाठवते. त्यात उलटायला काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट आकड्यांच्या रूपाची. ओमान, येमेन, इराककडे रोजच्या लिखाणात अरबी आकडे चालतात. त्यांत पाच आपल्या शून्यासारखा दिसतो, सहा इंग्रजी सातासारखा आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. वाचणाऱ्याला ते ओळखीचे असले तरी काउंटरवरच्या आपल्या मुलाला नाहीत. म्हणून बुकिंग नंबर, फोन आणि रक्कम इंग्रजी आकड्यांतच ठेवा. वर्डमध्ये मजकूर अरबी झाला की कधीकधी आकडे आपोआप बदललेले दिसतात. तसं झालं तर File, Options, Advanced मध्ये Numeral नावाची निवड आहे, तिथे Arabic ठेवा. गंमत अशी की तिथे Arabic म्हणजे 1, 2, 3, आणि ठिपक्याच्या शून्याचे आकडे हवे असतील तर निवड Hindi नावाची आहे. अरब लोकही त्यांना "हिंदी आकडे" म्हणतात. नाव बघून गोंधळू नका.

दोन नंबर असतील तर दोन्ही द्या आणि कुठला कुणाचा ते लिहा. पोर्टलचा आयडी हॉटेलच्या संगणकात सापडेलच असं नाही, काउंटरवर हॉटेलचा कन्फर्मेशन नंबर लागतो. नाव देताना मराठी मन एक चकवा देतं. अरबीत "रक्म" म्हणजे नंबर. आपली "रक्कम" त्याच शब्दातून आली, पण तिचा अर्थ पैशांकडे वळला. पैशांच्या आकड्याला अरबीत "मब्लग" म्हणतात, ज्यातून आपला "मुबलक" आला. घाईत "एकूण रक्कम"च्या जागी "रक्म" लिहिलेलं मी एका नवीन मुलीच्या कामात पाहिलं होतं. वाचणाऱ्याने ८,४०० हाच बुकिंग नंबर समजला असता.

## ५. कॅन्सलेशनचे नियम: एकेक वाक्य सोडवून

आमच्या कागदावर तीन वाक्यं होती. पहिलं: चेक-इनच्या ४८ तास आधीपर्यंत मोफत रद्द करता येईल. दुसरं: आगमनाच्या ४८ तासांच्या आत रद्द केल्यास एका रात्रीचं भाडं आकारलं जाईल. तिसरं: न आल्यास पूर्ण रक्कम.

दुसरं वाक्य शब्दाला शब्द अरबीत नेलं की "आगमनापासून ४८ तासांत" असं वाचलं जाऊ शकतं, म्हणजे आल्यानंतरचे दोन दिवस. पाहुण्याला वाटेल, आधी कधीही रद्द करा, काही लागत नाही. म्हणून "आधीचे" हा शब्द अरबीत उघड लिहायचा:

```
في حال الإلغاء خلال الساعات الـ48 السابقة لموعد
تسجيل الوصول، تُحتسب قيمة ليلة واحدة.
```

"अस-साबिका" म्हणजे आधीचे. हा एक शब्द गाळला की नियम फिरतो.

आता ४८ तास कुठून मोजायचे? चेक-इन ५ मार्चला दुपारी दोनला, म्हणून मुदत ३ मार्चला, सोमवारी, दुपारी दोनला संपते. ही वेळ भारताची. मस्कतला तेव्हा साडेबारा वाजलेले असतात, बगदाद आणि सना इथे साडेअकरा. मस्कतला बसलेला काका "दोनपर्यंत वेळ आहे" म्हणून दीड वाजता फोन करेल तर त्याची मुदत तासापूर्वीच संपलेली असेल. मी मूळ वाक्याचं भाषांतर जसंच्या तसं करते आणि खाली वेगळ्या ओळीत, ही अनुवादकाची टीप आहे असं लिहून, हिशोब देते: अमुक वार, अमुक तारीख, भारताच्या वेळेने इतके, मस्कतच्या वेळेने इतके. टीप आणि मूळ मजकूर कधी मिसळू नका. हॉटेलने ४८ तास म्हटलंय, तारीख आपण काढली आहे, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

काही हॉटेलं ४८ तासांऐवजी तारीख आणि रात्री ११:५९ अशी वेळ छापतात. तिथे हिशोब करायचा नाही, फक्त "हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार" हे शब्द मूळ कागदात आहेत की नाहीत ते बघायचं. असतील तर अरबीत आणायचे. नसतील तर वेळेबद्दल टीप द्यायची.

"एका रात्रीचं भाडं" म्हणजे २,५०० की करासकट २,८००? कागद सांगत नाही. मग अरबीतही सांगायचं नाही. "एका रात्रीची किंमत" एवढंच लिहा. पाहुण्याने विचारलं तर हॉटेलकडून विचारून घ्या. आपण मदत म्हणून आकडा घातला की तो आकडा कागदावरचा नियम म्हणून वाचला जातो.

"नॉन-रिफंडेबल" हा शब्द आला तर तो "गैर काबिल लिल-इस्तिरदाद", म्हणजे पैसे परत मिळणार नाहीत. बुकिंग रद्द करता येणार नाही असा त्याचा अर्थ नाही. त्याला "गैर काबिल लिल-इल्गा" म्हणतात. दोन्ही वाक्यं कानाला जवळची वाटतात. पण पहिल्यात माणूस रद्द करून हॉटेलला कळवू तरी शकतो, दुसऱ्यात तो कळवायचंच सोडून देतो आणि न आल्याच्या नियमात अडकतो.

"नो-शो"ला "अदम अल-हुदूर" म्हणा. आपल्या "हजर"चा "हुदूर", आणि "अदम" म्हणजे नसणं. नो-शोचा नियम कॅन्सलेशनच्या वाक्याला जोडू नका, वेगळ्या ओळीत ठेवा, कारण त्याची रक्कम वेगळी आहे.

## ६. चेक-इनच्या अटी, ज्या शब्दशः नेल्या की फिरतात

पहिली अट ओळखपत्राची. आपल्याकडच्या बऱ्याच कागदांवर "लोकल आयडी चालणार नाही" असं असतं. त्याचा अर्थ, ज्याच्या ओळखपत्रावर याच शहराचा पत्ता आहे त्याला खोली देत नाहीत. अरबीत "स्थानिक ओळखपत्र" असं लिहिलं की ओमानी माणसाला ते स्वतःच्या देशाचं ओळखपत्र वाटतं. "त्याच शहराचा पत्ता असलेलं भारतीय ओळखपत्र" असं उलगडून लिहा. परदेशी पाहुण्याला तसाही पासपोर्ट आणि व्हिसा दाखवावा लागतो, कारण हॉटेलला त्याची माहिती सरकारला कळवायची असते. हे कागदावर नसेल तर टीप म्हणून लिहा, अट म्हणून नको.

दुसरी, नाश्ता. आमचं बुकिंग मार्च २०२५ मधलं, म्हणजे ऐन रमजानमधलं. "शामिल अल-इफ्तार" असं मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, जे एरवी बरोबर आहे. पण रमजानमध्ये इफ्तार म्हणजे सूर्यास्तानंतरचं जेवण. वडील रोज संध्याकाळी जेवणाची वाट बघत बसले असते. ते बदलून "सकाळची न्याहारी", म्हणजे "वज्बत अल-फुतूर अस-सबाहिया", असं केलं आणि मुलाला सांगितलं, "हॉटेलला विचारून घे, नाश्त्याऐवजी पहाटे सहरीला काही देतात का." रमजानच्या तारखांमध्ये येणारं बुकिंग असेल तर हा शब्द हमखास तपासा.

तिसरी, खोली. दोन स्वतंत्र पलंगांची खोली आणि एका मोठ्या पलंगाची खोली या वेगळ्या आहेत. अरबीत "मुझ्दविजा" म्हटलं की नक्की कुठली ते कळत नाही, म्हणून "दोन वेगळ्या पलंगांची" असं लिहा. ऑपरेशन झालेल्या माणसाला यात फरक पडतो.

"अर्ली चेक-इन उपलब्धतेनुसार" हे वचन नाही. अरबीत "हसब अत-तवफ्फुर" हे शब्द सोडले तर ते वचन होतं आणि पहाटेच्या विमानाने आलेलं कुटुंब सात वाजता खोली मागतं.

## ७. नावं आणि पत्ता

पाहुण्याचं नाव इंग्रजीवरून अंदाजाने अरबीत लिहू नका. Salim हे सालिम असू शकतं किंवा सलीम, आणि अरबीत दोन्ही वेगळी नावं आहेत. पासपोर्टवर अरबी नाव असतं, ते उतरवा. शेजारी इंग्रजी नाव बुकिंगवर जसं आहे तसंच ठेवा, एखादं अक्षर जास्त असलं तरी. नाव बुकिंगवर आणि पासपोर्टवर वेगळं दिसलं तर चेक-इनच्या आधी हॉटेलला कळवायला सांगा.

हॉटेलचं नाव आणि पत्ता अरबीत उच्चारासाठी लिहा, पण मूळ इंग्रजी पत्ता त्याखाली पूर्ण ठेवा. इंग्रजी V साठी अरबीत सरळ अक्षर नाही, त्यामुळे Vashi बहुतेक वेळा "फ" ने लिहिली जाते आणि परत वाचताना "फाशी" होते. रिक्षावाल्याला दाखवायला सेक्टर आणि प्लॉट नंबरासह इंग्रजी पत्ताच लागतो.

## ८. पाठवण्यापूर्वी

मी अरबी कागद छापून किंवा पीडीएफ करून दुसऱ्या मोबाइलवर उघडते, स्वतःच्या संगणकावर बघून समाधान मानत नाही. घरातल्या कुणाला तरी मूळ फोटो देते आणि मी अरबी कागदावरून नंबर, तारखा, वेळा, पैसे एकेक आकडा मोठ्याने वाचते. ऐकणाऱ्याला अरबी येत नसली तरी चालतं, उलट बरंच. माझा भाचा हे काम करतो आणि त्याने दोनदा चूक पकडली आहे. मग पीडीएफमधून बुकिंग नंबर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करते. डोळ्यांना दिसतो तोच क्रम तिथे आला तर नंबर दिसायला आणि साठवणीत दोन्हीकडे बरोबर आहे. पीडीएफ कधीकधी अरबी ओळीतला मजकूर विस्कटून देते, म्हणूनही नंबराला स्वतंत्र ओळ बरी पडते.

जिथे फोटोत काही वाचता आलं नाही तिथे "अस्पष्ट" असं चौकटी कंसात लिहा. रिकामी जागा सोडू नका, कारण वाचणाऱ्याला तिथे काही नव्हतंच असं वाटतं.

पाठवताना अरबी पीडीएफसोबत मूळ फोटो नेहमी जोडा आणि पाहुण्याला सांगा की काउंटरवर मूळ कागद दाखवायचा, अरबी कागद घरच्यांसाठी आहे. त्या रात्री त्या मुलाला मी फोनवरून तेच सांगितलं. त्याने मोबाइलमध्ये मूळ फोटो उघडून दिला आणि पाच मिनिटांत किल्ली हातात आली. दुसऱ्या दिवशी मी नंबर वेगळ्या ओळीत घेऊन कागद पुन्हा पाठवला, आणि काम संपल्यावर पासपोर्टच्या पानाचा फोटो फोनमधून पुसून टाकला.